फिरता रंगमंच आणि तीस अंश

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात होते. बी.एस्सी. फिजिक्स केलेली, चोवीस वर्षांची. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज घेऊन तयार माल मोजायचा, बरोबर असेल तर हिरवी खूण करायची, नसेल तर लाल. काम वाईट नव्हतं. पण तीन वर्षं घासून शिकलेल्या फिजिक्सचा तिथे फारसा संबंध येत नसे, आणि हे माझे वडील घाटकोपरच्या घरी जेवताना अधूनमधून आठवण करून देत.

कारखान्यात कामगारांचं नाटकमंडळ होतं. दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत आम्ही उतरायचो. माझ्याकडे प्रॉम्प्टिंग असायचं, कारण माझं पाठांतर चांगलं आणि अभिनय अगदीच वाईट. दिग्दर्शक होता स्टोअरमधला क्लार्क, माझ्याच वयाचा. नाटकही तोच लिहायचा. आदल्या वर्षी आमचं नाटक चांगलं होऊनही नंबर हुकला होता. दोन प्रवेशांच्या मधे सेट बदलायला आम्ही सहा मिनिटं घेतली, प्रेक्षक चहाला निघून गेले, आणि परीक्षकांनी शेऱ्यात तेवढंच लिहिलं. तो कागद त्याने स्टोअरच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवला होता.

त्या वर्षी त्याने ठरवलं की आपला रंगमंच फिरता असेल. नाटकात घरं दोन होती. एक गिरणी कामगार बापाची खोली, दुसरा बोरिवलीला राहायला गेलेल्या मुलाचा फ्लॅट. एका मोठ्या गोल फळीच्या अर्ध्या भागावर खोली, अर्ध्या भागावर फ्लॅट, मधे भिंत. दिवे गेले की फळी अर्धी फिरवायची. दहा सेकंदांत दुसरं घर समोर. तिसऱ्या प्रवेशाला आणखी अर्धा फेरा, की परत खोली.

फळी बनवली आमच्या फिटरमिस्त्रींनी. पन्नाशी उलटलेले, मालवणकडचे, बोलणं मोजकं. कारखान्यातल्या कुठल्याही बिघडलेल्या मशीनवर कान ठेवून ते दोष सांगत. त्यांनी पॅकिंग शेडमध्ये चार मीटर व्यासाची गोल फळी उभी केली. खाली लोखंडी सांगाडा, कडेने चाकं, मध्यभागी जमिनीला बोल्टने आवळलेली एक जाड लोखंडी खुंटी, तिच्याभोवती फळी फिरायची. फिरवायची कशी, तर कडेला एक हूक, हुकाला दोर, आणि विंगेत उभी राहून दोन माणसं दोर ओढणार. हाताने ढकलायची सोय नव्हती, कारण माणसं दिसली असती.

पहिल्या दिवशी जमलेले सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. चार नट फळीवर उभे राहिले, दोघांनी दोर ओढला. फळी फिरायला लागली, चांगली फिरली, आणि अर्धा फेरा पुरा व्हायच्या आधीच थांबली. समोर अर्धी खोली, अर्धा फ्लॅट. बाप आणि सून दोघं एकदम दिसत होते. दोघांनी जोर लावला, तरी फळी हलेना. दिग्दर्शकाने आणखी दोन जण लावले. फळी थोडीशी पुढे सरकली आणि पुन्हा अडली. चौघांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मग मधूनच कट्ट असा आवाज आला. मिस्त्रींनी वाकून पाहिलं, तर मधली खुंटी वाकली होती.

खुंटी बदलली, चाकांना ग्रीस घातलं, पुन्हा तेच. चाकं बदलली, पुन्हा तेच. फळी नेहमी त्याच टप्प्यावर अडायची. असे चार दिवस गेले. स्पर्धेला तीन आठवडे उरले होते. दिग्दर्शक म्हणाला, आता सहा माणसं लावू. मिस्त्री म्हणाले, सहा लावलीस तर खुंटी तुटेल. दोघांचं बोलणं बंद झालं, आणि मी त्या दोघांच्या मधे नाटकाची वही घेऊन बसले होते.

मला चार दिवसांपैकी दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, असं आज म्हणावंसं वाटतं. पण ते खरं नाही. चौथ्या संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर उगाच फळीचं चित्र काढत बसले होते. गोल, मधे खुंटी, कडेला हूक, हुकापासून विंगेपर्यंत दोर. मग खुंटीपासून हुकापर्यंत एक रेघ ओढली. फळी फिरेल तसा हूक कुठे कुठे जाईल ते दाखवायला असं आणखी दोनदा काढलं. तिसऱ्या चित्रात दोराची रेघ आणि खुंटीची रेघ जवळजवळ एकाच ओळीत आल्या, आणि माझा हात थांबला. टी.वाय.बी.एस्सी.च्या पुस्तकात नाही, अकरावीच्या पुस्तकात हे होतं. फिरवायची ताकद ही नुसती ओढ गुणिले अंतर नसते. त्यात कोनाचा साइनही गुणायचा असतो. परीक्षेत मी तो शंभर वेळा गुणला होता.

मी दिग्दर्शकाला सांगितलं. तो म्हणाला, तू वही सांभाळ यार, आम्ही इथे लोखंडाशी झगडतोय. त्याचं चुकलं नव्हतं, तो चार रात्री नीट झोपला नव्हता. म्हणून मी मिस्त्रींकडे गेले. ते बाकावर बसून चहा पीत होते. मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बाय, चित्रात सगळाच फिरता. माका फळीवर दाखव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते फळीवर करायला घेतलं. मी धाकट्या भावाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला होता. मिस्त्रींनी स्टोअरमधून स्प्रिंगचा वजनकाटा आणला, ज्याला पोतं अडकवून वजन बघतात तो. नटांना फळीवर उभं केलं. मी काटा कडेला अडकवला आणि दोर कडेच्या अगदी लगत, म्हणजे खुंटीपासून येणाऱ्या रेघेशी काटकोनात धरून हळूहळू ओढायला एकाला सांगितलं. काट्याने पंचवीस किलो दाखवले आणि फळी फिरायला लागली. तीन ठिकाणी करून बघितलं, तिन्ही ठिकाणी पंचवीसच्या आसपास.

मिस्त्री काट्याकडे बघतच राहिले. पंचवीस किलोत फिरणारी फळी चार माणसांना का आवरत नव्हती, हे त्यांना समजेना. इथे तर कडेला एकटा माणूस एका हाताने दोर ओढत होता.

मग मी विंगेतल्या जागेवरून दोर ताणायला लावला आणि तोच काटा दोराच्या मधे अडकवला. दोन माणसं मिळून, धक्का न देता, साधारण पन्नास किलो ओढत होती. म्हणजे हवी त्याच्या दुप्पट. मी जमिनीवर बसले आणि खडूने आकडे लिहिले. फळी फिरायला हवेत पंचवीस किलो, काटकोनात. ओढ आहे पन्नास. म्हणजे साइन निम्मा झाला की संपलं. साइन निम्मा होतो तीस अंशाला. दोर आणि खुंटीची रेघ यांच्यात तीस अंशांचा कोन झाला की दोघांची फळी अडणार.

मी कोनमापक आणि सुतळी घेऊन तो कोन कुठे होतो ते शोधलं आणि जमिनीवर, हूक जिथे येईल तिथे, खडूने एक जाड रेघ मारली. मग थोड्या अंतरावर दुसरी रेघ मारली. चार माणसांची ओढ शंभर धरली, तर साइन पाव व्हायला हवा, आणि तो होतो साडेचौदा अंशाला. दुप्पट माणसं लावून आपण फक्त तेवढंच पुढे जातो, असं मी म्हणाले. एव्हाना जेवणं आटोपून वीसएक जण जमले होते. दिग्दर्शकही मागे येऊन उभा होता.

मिस्त्रींनी दोघांना दोर दिला आणि बजावलं की झटका द्यायचा नाही, एकसारखं ओढायचं. फळी निघाली. हूक खडूच्या पहिल्या रेघेकडे यायला लागला तशी ती मंदावली, आणि रेघेच्या चार बोटं अलीकडे थांबली.

मिस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी ते अंतर बोटांनी मोजलं. मग चौघांना लावलं. हूक दुसऱ्या रेघेवर जाऊन अडला, अगदी बरोबर रेघेवर. मी मायक्रोमीटरने हजारो तुकडे मोजले असतील, पण आधी गणित करून मारलेल्या रेघेवर लोखंड येऊन थांबताना कधी पाहिलं नव्हतं.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "पन्नास किलो तर आम्ही ओढलाव. मग आमचो घाम खंय गेलो?"

हा प्रश्न मला कॉलेजात एकाही सरांनी विचारला नव्हता. मी त्यांना हुकाकडे बघायला सांगितलं. हूक जाऊ शकतो तो फक्त कडेच्या दिशेने, गोल. खुंटीच्या दिशेने, आत किंवा बाहेर, तो एक सूतही जात नाही. तुमची ओढ तिरकी आहे, म्हणून तिचे दोन वाटे होतात. एक कडेच्या दिशेचा, तो हुकाला हलवतो, तेवढंच काम होतं. दुसरा सरळ खुंटीच्या रेघेत. त्या दिशेने काही हलतच नाही, म्हणून तो वाटा कितीही मोठा असला तरी काम शून्य. तो नुसता खुंटीला ओढत बसतो. मी त्यांना हेही सांगितलं की काम मोजताना पुस्तकात कोसाइन असतो, कारण तिथे कोन मोजतात तो हालचालीच्या दिशेपासून. फिरवताना साइन असतो, कारण तिथे कोन मोजतात खुंटीच्या रेघेपासून. कडेची दिशा आणि खुंटीची रेघ यांच्यात काटकोन असतो, म्हणून तीस अंशाचा साइन आणि साठ अंशाचा कोसाइन हा आकडा एकच, अर्धा. कुठल्या रेघेपासून मोजलं एवढाच फरक.

त्यांनी मान हलवली. मग स्वतःच म्हणाले की म्हणून खुंटी वाकली. चार माणसांचा सगळा जोर तिच्यावर गेला. ती चार दिवस आपल्याला हे सांगत होती आणि आपण ती बदलत बसलो.

"कोन बदलूच नये असं काही करता येईल का?" दिग्दर्शकाने मागून विचारलं. चार दिवसांत तो पहिल्यांदाच शांतपणे बोलत होता.

करता येण्यासारखं होतं. दोर हुकाला बांधून लांबून ओढायचा नाही, तो फळीच्या कडेभोवती गुंडाळायचा. मग दोर कडेवरून सुटतो तेव्हा नेहमी कडेच्याच दिशेने सुटतो. फळी कितीही फिरली तरी कोन नव्वदच राहतो, आणि नव्वदचा साइन एक. पहिल्यापासून शेवटपर्यंत पंचवीस किलो, ना कमी ना जास्त. मी चित्र काढून दाखवेपर्यंत मिस्त्री प्लायच्या पट्ट्या शोधायला निघालेसुद्धा होते. त्यांनी दोन दिवसांत फळीच्या कडेला वर-खाली ओठ असलेली खोलगट वाट बसवली. दोराचा पूर्ण एक वेढा तिच्यात बसायचा. पहिल्या बदलाला अर्धा वेढा सुटणार, दुसऱ्याला उरलेला अर्धा.

एक अडचण मात्र राहिली. उभ्याने ओढलं की दोर छातीकडे वर चढायचा आणि वाटेतून निसटायचा. शिवाय तिरक्या ओढीतला वरचा वाटा पुन्हा फुकटच जायचा. मी सांगितलं, बसून ओढा. जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि दोर जमिनीला समांतर ठेवायचा. ज्यांनी चार दिवस पाय रोवून, दात खाऊन ओढलं होतं, त्यांना हे ऐकून हसू आलं. पण पहिल्याच प्रयत्नात एका माणसाने, बसून, हात बदलत बदलत फळी अर्धा फेरा फिरवली. अकरा सेकंद लागले. बापाची खोली गेली आणि बोरिवलीचा फ्लॅट आला. मिस्त्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आपल्या खात्यात निघून गेले.

स्पर्धा मुलुंडच्या एका सभागृहात होती. आमचा प्रयोग दुपारी चारला. सकाळी टेम्पोतून फळीचे तुकडे नेले, जोडले, आणि मग सभागृहाचा व्यवस्थापक आला. त्याने रंगमंचावर पाहिलं आणि सरळ सांगितलं की नवीन लाकूड आहे, एकही खिळा किंवा बोल्ट मारायचा नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. पण आमची मधली खुंटी जमिनीला बोल्टनेच बसायची. बोल्ट नसेल, तर एका बाजूने दोर ओढल्यावर फळी फिरण्याऐवजी पुरी खुंटीच्या बैठकीसकट विंगेकडे सरकत गेली असती. आम्ही करून बघितलं, आणि ती तशीच सरकली.

दिग्दर्शक खुर्चीत बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. वाट लागली, एवढंच तो पुटपुटला. मिस्त्रींनी मात्र माझ्याकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले होते.

मी विंगेत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. खुंटीवर जोर येतो, कारण ओढ एकाच बाजूने आहे. काटकोनात ओढलं तरी ती पंचवीस किलोची ओढ कुणीतरी उलटी धरून ठेवायला हवी, आणि ते काम बोल्ट करत होते. मग ती बोल्टऐवजी दुसऱ्या दोराने धरली तर? मी परत आले आणि मिस्त्रींना विचारलं की आपल्याकडे जादा दोर आहे का. होता. मी म्हणाले, दोर दोन करू. एक समोरच्या कडेवरून डाव्या विंगेत जाईल, दुसरा मागच्या कडेवरून उजव्या विंगेत. दोन्ही फळीला एकाच बाजूला फिरवतील, पण एक डावीकडे ओढेल आणि एक उजवीकडे, तेव्हा सरकवणं एकमेकांना खाऊन टाकेल. खुंटीवर काहीच उरणार नाही. आणि प्रत्येकाला ओढायचे फक्त साडेबारा किलो.

"दोघांनी सारखाच ओढूक व्हया," मिस्त्री म्हणाले.

तेच महत्त्वाचं होतं. एकाने जास्त ओढलं तर फरकाइतकी फळी सरकणार. अंधारात दोन विंगांमधले दोघे एकमेकांना दिसणार नाहीत. पण प्रवेश बदलताना टेपवर गिरणीचा भोंगा वाजायचा होता. भोंगा सुरू झाला की सुरुवात, आणि मनात एक-दोन मोजत दर आकड्याला एक हात, असं ठरलं. डाव्या विंगेत मिस्त्री बसणार होते. उजवीकडे कोण, हे विचारायच्या आधीच मिस्त्रींनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. प्रॉम्प्टिंगची वही मी पॅकिंगमधल्या एका मुलीला दिली. नटांना संवाद पाठ होते, असा माझा अंदाज होता.

तीनदा तालीम झाली. पहिल्यांदा फळी चार बोटं माझ्याकडे सरकली, कारण घाबरून मी जोरात ओढलं. दुसऱ्यांदा दोन बोटं. तिसऱ्यांदा मिस्त्रींनी बैठकीभोवती मारलेल्या खडूच्या खुणेवरून ती हललीच नाही.

चारला पडदा उघडला. पहिला प्रवेश मी उजव्या विंगेत मांडी घालून, दोर मांडीवर घेऊन ऐकला. बापाने शेवटचं वाक्य टाकलं, दिवे गेले, भोंगा वाजला. मी ओढायला लागले. एक, दोन, एक, दोन. दोर ओला असावा तसा गार लागत होता, तो माझ्याच हातांचा घाम होता. माझ्या दोन हातांनी आणि पलीकडच्या, न दिसणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाच्या दोन हातांनी चार माणसं, एक पलंग, एक कपाट, एक सोफा आणि दोन भिंती अंधारात फिरत होत्या, आणि चाकांचा आवाज भोंग्यात बुडून गेला होता. दोरावर मी रंगवलेली लाल खूण हातात आली आणि मी थांबले.

दिवे आले. बोरिवलीचा फ्लॅट समोर उभा होता, सून सोफ्यावर मासिक चाळत होती. आणि टाळ्या पडायला लागल्या. कुणी काहीच बोललं नव्हतं, नुसता फ्लॅट आला होता. सुनेची भूमिका करणाऱ्या मुलीला टाळ्या थांबेपर्यंत मासिकाच्या तिसऱ्या पानावर चौथ्यांदा यावं लागलं. दुसऱ्या बदलाच्या वेळी तर भोंगा संपायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या.

प्रयोगानंतर एक वयस्क परीक्षक रंगमंचावर चढले. त्यांनी फळीखाली वाकून बघितलं, मोटर कुठे आहे विचारलं. मोटर नाही, असं दिग्दर्शक म्हणाला. मग किती माणसं लागतात, असं त्यांनी विचारलं. दिग्दर्शकाने आम्हा दोघांकडे बोट केलं. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना फळीवर उभं राहायला सांगितलं, आम्ही दोर पुन्हा वेढून घेतले आणि भर उजेडात, बसल्या जागी, त्यांना अर्धा फेरा फिरवून आणलं. उतरताना त्यांनी विचारलं की हे कसं केलं. मिस्त्री म्हणाले, "ह्या बायन साइन काढल्यान." मला जे समजावायला दोन पानं लागली असती ते त्यांनी तेवढ्यातच संपवलं.

आठवड्याने निकाल कारखान्याच्या फलकावर लागला. नाटक पहिलं, दिग्दर्शन पहिलं, नेपथ्य पहिलं. नेपथ्याच्या प्रशस्तिपत्रावर दोन नावं होती, मिस्त्रींचं आणि माझं. दिग्दर्शक स्टोअरमध्ये गेला, कपाटाच्या आतला तो जुना कागद त्याने फाडला आणि दुपारी कँटीनमध्ये सगळ्या मंडळाला श्रीखंड खायला घातलं. मी प्रशस्तिपत्र घेऊन घरी गेले. वडिलांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि नेपथ्य म्हणजे काय ते विचारलं. मी पाटावर ताट ठेवलं, ताटाच्या कडेला सुतळीचा वेढा घातला, तशीच दुसरी सुतळी पलीकडून घातली, एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, आता हळू ओढा, माझ्याबरोबर.